सितोपलादी मधातून: कुणाला, किती, आणि कुणाला अजिबात नको

प्रश्न: घरात सगळ्यांनाच खोकला आहे. काष्ठौषधीच्या दुकानातून सितोपलादी चूर्ण आणलं, दुकानदाराने त्यात थोडं ज्येष्ठमध मिसळून दिलं आणि मधातून चाटायला सांगितलं. मुलगी पाच वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं. नवऱ्याला सर्दी गेल्यापासून रात्री कोरडी ढास लागते. सासूबाई ६७ वर्षांच्या, शुगर आणि बीपी आहे, त्यांना महिनाभर कोरडा खोकला आहे. आयुर्वेदिक आहे म्हणजे सगळ्यांना चालेल ना? किती आणि कसं द्यायचं?

उत्तर:

ताई, तुमच्या घरात खोकला चौघांना असला तरी तो चार वेगळ्या प्रकारचा आहे. एकाच पुडीतून चौघांना द्यायला गेलात तर दोघांना उपयोग होईल, सासूबाईंना त्रास होण्याची शक्यता आहे आणि बाळाला धोका आहे. बाळाचं आधी सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही.

आठ महिन्यांच्या बाळाला मध द्यायचा नाही. चाटण नाही, बोटाला लावून नाही, चोखणीला लावून नाही, बाळगुटीतून सहाणेवर उगाळूनही नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत नाहीच. आपल्याकडे जन्मल्याबरोबर सोनं मधात उगाळून चाटवायची रीत आहे, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, आम्ही सगळी त्याच मधावर वाढलो. त्यांचं म्हणणं खोटं नाही, कारण हा आजार विरळाच होतो. पण झाला तर बाळाला श्वासाच्या यंत्रावर ठेवण्याची वेळ येऊ शकते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात बाकीचे जंतू ठाण मांडून असतात, त्यामुळे हे बीजाणू तसेच बाहेर पडतात. तान्ह्याच्या आतड्यात ती वस्ती अजून भरलेली नसते. तिथे ते रुजतात, विष तयार करतात आणि त्या विषाने स्नायू ढिले पडतात. मध घरचा आहे, महाबळेश्वरचा आहे, जंगलातला अस्सल आहे, याने फरक पडत नाही. उकळून दिला तरी पडत नाही, कारण घरच्या उकळण्याने बीजाणू मरत नाहीत.

आजवर कुणी चाटवलं असेल तर घाबरू नका, फक्त लक्ष ठेवा. बहुतेक वेळा सुरुवात बद्धकोष्ठाने होते. मग बाळ दूध ओढताना लवकर दमतं, रडण्याचा आवाज बारीक होतो, पापण्या जड दिसतात, मान सैल पडते. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर बालरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जा आणि मध चाटवला होता हे स्वतःहून सांगा, कारण ते विचारायचं राहून जातं. तुम्ही स्वतः मध खाल्ला तर चालतो, तो दुधातून बाळापर्यंत पोचत नाही.

बाळाला चूर्णही नको, मधाशिवायही नको. कोरडं बारीक चूर्ण त्याच्या श्वासनलिकेत जाऊ शकतं. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब, वरचेवर अंगावर पाजणं, आणि नीट लक्ष देऊन श्वास बघणं, एवढंच करा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर घरगुती उपाय तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा.

आता हे चूर्ण आहे काय ते पाहू, कारण मात्रा, पथ्य आणि धोका सगळं त्याच्या घटकांतून निघतं. सितोपलादीचा पाठ, म्हणजे मूळ कृती, चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या, प्रकरणात आहे आणि तो लक्षात ठेवायला फार सोपा आहे. दालचिनी एक भाग, वेलची दोन, पिंपळी चार, वंशलोचन आठ, खडीसाखर सोळा. प्रत्येक वस्तू आधीच्या दुप्पट. एकूण भाग ३१, आणि त्यातले १६ साखरेचे. म्हणजे तुम्ही जे चूर्ण म्हणून चमच्याने काढता, त्यातला निम्म्याहून जास्त ऐवज खडीसाखर आहे. तालीसादी चूर्णात तर साखर दोन तृतीयांश असते. ‘औषधी चूर्ण’ म्हटलं की मनात जे कडू-तिखट चित्र येतं त्यात हे बसत नाही, आणि म्हणूनच मुलं ते खुशीने चाटतात.

काम करतं कसं? वैद्यकाच्या भाषेत पिंपळी कफ सोडवते आणि खडीसाखर-वंशलोचन घशाची रूक्षता, दाह कमी करतात. साध्या भाषेत सांगायचं तर मध आणि साखर घशावर ओला थर देतात, लाळ सुटते, सतत खवखवणारी जागा काही काळ शांत राहते, आणि पिंपळी-दालचिनीच्या तिखटपणाने चिकट बेडका थोडा पातळ होतो. नुसत्या मधाबद्दल आधुनिक पुरावाही आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सर्दीचा खोकला असलेल्या दोन वर्षांवरच्या मुलांना झोपण्याआधी एकदा मध दिला. काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा त्यांचा रात्रीचा खोकला कमी झाल्याचं पालकांनी नोंदवलं. त्यात चूर्ण नव्हतं, नुसता मध होता, हे ध्यानात ठेवा. घशावरच्या त्या थराचं श्रेय बरंचसं मधाला आहे.

यातूनच घेण्याची रीत ठरते, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची गल्लत होते. लोक चमचाभर चूर्ण तोंडात टाकतात आणि वरून पाण्याचा घोट घेतात. जे घशावर रेंगाळायला हवं ते थेट पोटात जातं. आयुर्वेदात औषध घेण्याच्या वेळा सांगितल्या आहेत, त्यात खोकला आणि दम्यासाठी ‘मुहुर्मुहुः’ म्हणजे पुन्हा पुन्हा, थोडं थोडं, असा एक काळ आहे. चाटणासाठी तो अगदी योग्य आहे.

तुमच्या नवऱ्याचं उदाहरण घेऊ, कारण सर्दीनंतरची कोरडी ढास हे सितोपलादीचं खास क्षेत्र आहे. मोठ्या माणसाची एका वेळची मात्रा एक ते तीन ग्रॅम. तीन ग्रॅम म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. पोह्याचा चमचा वापरू नका, त्यात दुप्पट-तिप्पट मावतं. लहान वाटीत हे चूर्ण घ्या आणि त्यात वजनाने दुप्पट मध घाला, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, कारण मध जड असतो. बोटाने घोटत राहा. कोरडा कण एकही दिसता कामा नये आणि चाटण वाटीतून सांडणार नाही इतकं दाट हवं. फार घट्ट झालं तर मधाचे दोन-चार थेंब आणखी. मग ते एका दमात संपवायचं नाही. बोटाच्या टोकावर घ्यायचं, जिभेवर ठेवायचं, विरघळू द्यायचं. एका वेळचं चाटण दहा-पंधरा मिनिटं पुरवायचं. त्यानंतर निदान पंधरा-वीस मिनिटं पाणी, चहा काही नाही.

दिवसातून तीन वेळा पुरे, आणि त्यातली एक वेळ झोपण्याच्या अर्धा तास आधीची ठेवा. चाटल्यानंतर वीस मिनिटांनी चूळ भरा, नाहीतर रात्रभर दातांना साखर लागून राहते. रात्री ढासेने जाग आली तर वाटीत उरवून ठेवलेलं बोटभर चाटण पुन्हा घेता येईल.

फारच कोरडा, आवाज बसवणारा, बरगड्या दुखवणारा खोकला असेल तर मधाबरोबर साजूक तूप घेतात, मूळ पाठातही तूप आणि मध दोन्ही आहेत. मध-तूप समप्रमाणात घ्यायचं नाही हा नियम तुम्हाला माहीत असेलच. फक्त तो वजनाचा आहे, चमच्यांचा नाही. मध तुपापेक्षा दीडपट जड असतो, म्हणून एक-एक चमचा घेतला की ते समप्रमाण होतच नाही. मी सांगताना सरळ एक चमचा मध आणि अर्धा चमचा तूप सांगते, म्हणजे वाद उरत नाही. घट्ट, पांढरा, भरपूर बेडका पडत असेल तर तूप टाळा.

मध गरम करू नका, उकळत्या चहात किंवा काढ्यात घालू नका. काढा कोमट झाल्यावर घाला. चरकाने तापवलेला मध निषिद्ध म्हटलाय, आणि तापवल्याने त्यातली साखर बिघडते हे प्रयोगशाळेतही दिसतं. थंडीत मध गोठला तर बाटली कोमट पाण्यात ठेवली की सुटतो.

पाच दिवसांत ढास निम्मी झाली पाहिजे. सात दिवसांत अजिबात फरक नसेल तर मात्रा वाढवत बसू नका. सर्दीनंतरचा खोकला कधी कधी तीन आठवडे, काहींना त्याहून जास्त रेंगाळतो, ते खरं आहे. पण आपल्या देशात खोकला दोन आठवड्यांवर गेला की बेडका तपासायचा, हा क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे आणि तो वैद्यानेही पाळायचा असतो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. चाटणाने घसा शांत होतो, आणि क्षयाच्या रुग्णालाही काही दिवस बरं वाटतं. त्यात जे आठवडे जातात ते महागात पडतात. हा पाठच राजयक्ष्म्याच्या प्रकरणातला असल्यामुळे मी हे मुद्दाम सांगते. त्या काळात दुसरं औषध नव्हतं, आज आहे.

मुलीला देता येईल. पाच वर्षांच्या मुलीला एका वेळी अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा चतुर्थांश, अर्ध्या चमच्याहून थोड्या जास्त मधात. दिवसातून दोन-तीन वेळा. बसवून द्या, आडवी असताना नको, रडताना-हसताना नको, नाक दाबून तर मुळीच नको. तिच्या वाट्याचं चाटण विशेष नीट भिजलेलं हवं. चूर्णाचा कोरडा फवारा घशात उडाला की मूल जोरात ठसकतं, आणि दालचिनी-पिंपळीचे कण फुप्फुसात गेले तर ते साध्या ठसक्यावर भागत नाही. एक वर्ष पूर्ण झालेल्या पण तीन वर्षांखालच्या मुलाला मी चूर्ण देत नाही, खोकला त्रास देत असेल तर नुसता मध देते. तुमच्या मुलीला धाप, छातीत शिट्टीसारखा आवाज किंवा मिनिटाला ४० च्या आसपास श्वास दिसला तर चाटण बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवा. अचानक, ताप-सर्दी नसताना, खेळता खेळता सुरू झालेला खोकला हा बहुधा घशात किंवा नळीत काहीतरी अडकल्याचा असतो. शेंगदाणा, मणी, काहीही. तिथे मध चाटवायला जाऊ नका.

छिंदवाड्याच्या २०२५ मधल्या दूषित सिरपच्या प्रकरणानंतर, ज्यातली बरीच मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली गेली होती, माझ्याकडे येणाऱ्या आयांचा चूर्णांकडे ओढा वाढलाय. त्यांची भीती मला समजते, आणि लहान मुलांना खोकल्याचं सिरप सहसा नको हे बरोबरच आहे. केंद्रीय आरोग्य खात्यानेही त्या वेळी तसंच कळवलं होतं: दोन वर्षांखाली नाही, पाच वर्षांखाली सहसा नाही. पण बाटली धोक्याची ठरली म्हणून पुडी आपोआप निर्धोक होत नाही.

आता सासूबाई. त्यांच्या बाबतीत मला चाटणापेक्षा बीपीच्या गोळीचं नाव हवं आहे. गोळीची पट्टी हातात घ्या आणि औषधाचं नाव ‘प्रिल’ने संपतंय का बघा: रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल. या गटातल्या गोळ्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ साठू देतात, आणि त्याने काही जणांना कोरडा, घशात गुदगुल्या झाल्यासारखा खोकला लागतो. बेडका नाही, ताप नाही, छाती स्वच्छ. गोळी सुरू केल्यावर तो काही दिवसांत लागू शकतो किंवा काही महिन्यांनी, त्यामुळे घरात कुणाला गोळीशी संबंध जुळत नाही. अशा खोकल्याला सितोपलादी, मध, अडुळसा, वाफ, काहीच बरं करत नाही. त्यांच्या डॉक्टरांना सांगितलं की ते दुसऱ्या गटातली गोळी, बहुधा ‘सार्टन’ने संपणारी, देतात आणि खोकला एक ते चार आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, ओसरतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, बदल डॉक्टरांनीच करायचा. आणि नाव ‘प्रिल’ने संपत नसेल, तर एक महिन्याचा खोकला म्हणून बेडका आणि छातीचा एक्स-रे हे आधी.

दुसरी गोष्ट, दुकानदाराने मिसळलेलं ज्येष्ठमध. ते घशाला फार छान आहे यात शंका नाही, गाणारी माणसं त्याची कांडी चघळतात. पण त्यात ग्लायसिरायझिन असतं, त्याने शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. परिणाम म्हणजे बीपी चढतं, पायांवर सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात, गळून गेल्यासारखं होतं. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल (बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत ती जोडून असते) तर पोटॅशियम आणखी घसरतं, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर ते थेट धोक्याचं. दोन दिवस चिमूटभर घेतल्याने आभाळ कोसळत नाही, पण महिनाभर रोज घेतलं तर हे सगळं होऊ शकतं. बीपी, मूत्रपिंडाचा आजार, हृदयाचे औषधोपचार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ज्येष्ठमध घातलेलं चाटण घेऊ नये. सासूबाईंना ही पुडी देऊ नका. नवऱ्याचं बीपी बरेच दिवसांत मोजलं नसेल तर त्यालाही साधं सितोपलादी आणा. मुलीलाही साधंच द्या, तिच्या मात्रेत ज्येष्ठमध किती जाईल याचा हिशोब कुणालाच करता येणार नाही.

तिसरी गोष्ट साखर. हिशोब सोपा आहे. तीन ग्रॅम सितोपलादीत दीड ग्रॅमहून थोडी जास्त खडीसाखर. एक चमचा मधात, म्हणजे सात ग्रॅम मधात, साडेपाच-सहा ग्रॅम साखर. एका वेळेला सात-साडेसात ग्रॅम, तीन वेळा घेतलं तर बावीसच्या आसपास. म्हणजे शुगर असलेल्या बाईंना रोज चार-पाच चमचे साखर औषधाच्या नावाने पोटात. मध नैसर्गिक असल्याने रक्तातली शुगर वाढवत नाही हा समज चुकीचा आहे, तो वाढवतोच. सासूबाईंच्या खोकल्याचं कारण कळल्यावरही चाटण घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, अर्ध्या मात्रेत, थोड्या तुपात, शुगर तपासत घ्यावं. त्यांना मी एरवी कोमट पाण्याच्या गुळण्या आणि लवंग तोंडात धरणं सांगितलं असतं.

पिंपळीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती या चूर्णाची ताकदही आहे आणि काळजीचं कारणही. तीन ग्रॅम सितोपलादीत पिंपळी पाव ग्रॅमहून जास्त, अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडी कमी जाते. तिच्यात पिपेरिन असतं, आणि त्याने आतड्यातून बाकीच्या औषधांचं शोषण वाढतं, ती शरीरातून बाहेर पडण्याचा वेगही कमी होतो. ही अंधश्रद्धा नव्हे. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेने याच गुणाचा उपयोग करून क्षयावरच्या रिफॅम्पिसिनची मात्रा कमी केलेली, पिपेरिन घातलेली गोळी बनवली. जे तिथे ठरवून, मोजून केलं, ते घरात न ठरवता घडू शकतं. फिट्ससाठी फेनिटॉइन, दम्यासाठी थिओफायलिन, हृदयासाठी किंवा थरथरीसाठी प्रोप्रॅनॉलॉल चालू असलेल्यांनी म्हणूनच चाटण सुरू करताना डॉक्टरांना सांगावं. फेनिटॉइन वाढलं तर माणूस झोकांड्या खातो, डोळे थरथरतात, आणि कारण शोधताना कुणी चाटणाचं नाव काढत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असणाऱ्यांनीही विचारूनच घ्यावं.

शिवाय पिंपळी रोज, महिनोन् महिने घेऊ नये असं चरकानेच सांगितलंय: पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचा अतिवापर टाळावा. तोंड येणं, छातीत जळजळ, आंबट ढेकर, मूळव्याधीतून रक्त, असं असणाऱ्यांना चाटणाने जळजळ वाढलेली लगेच जाणवते. आणि ज्यांचा खोकलाच आम्लपित्तामुळे आहे, म्हणजे आडवं पडलं की किंवा जेवणानंतर ढास लागते, त्यांना तर हे उलट जाईल. पहिल्या दोन दिवसांत छातीत जळजळ वाढली तर खोकल्याचं मूळ घशात नसून पोटात असू शकतं.

गर्भवतींना साधं सितोपलादी थोड्या दिवसांसाठी वैद्य देतात, पण ते त्यांना बघून. अडुळसा असलेली चूर्णं किंवा काढे मात्र गर्भारपणात नकोत, कारण अडुळशाचा गर्भाशयावर परिणाम होतो. फुलांच्या परागाची किंवा मधाची ॲलर्जी असलेल्या माणसाला जिभेला खाज, ओठ सुजणं झालं तर पुन्हा चाटवू नका.

आता दुकानातून काय आणायचं. वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साठणारा पांढरा-निळसर खडा. तो महाग आहे, म्हणून त्याजागी तवकीर किंवा कृत्रिम खडा घातला जातो. तुम्हाला खडा वेगळा मिळाला तर त्यावर आयोडिनचा थेंब टाका, काळा-निळा झाला तर त्यात पीठ आहे. तयार चूर्णावर ही परीक्षा करू नका. वेलची-पिंपळीतही पिष्ट असतं, त्यामुळे अस्सल चूर्णही निळं दिसेल. मधाच्या घरगुती परीक्षा, म्हणजे पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं, मुंग्या, या तर सोडूनच द्या. साखरेच्या पाकाची भेसळ त्यांना सापडत नाही, ती ओळखायला प्रयोगशाळाच लागते. वैद्यांच्या ओळखीच्या मधपाळाकडून किंवा बॅच क्रमांक असलेली बाटली घ्या, एवढाच व्यवहार्य मार्ग आहे.

सुट्या पुडीपेक्षा उत्पादन परवाना क्रमांक, घटक आणि तारीख छापलेली बंद डबी बरी. आणि पुडी घेताना विचारा, ‘यात आणखी काय घातलंय?’ काही ठिकाणी सितोपलादीत प्रवाळभस्म, अभ्रकभस्म किंवा शृंगभस्म मिसळून देतात. ते वैद्याने रुग्ण पाहून, मोजून द्यायचं औषध आहे, मुलाला अंदाजाने चाटवायचं नाही. कुणी वैद्य नसलेल्या माणसाने दिलेली नावगाव नसलेली पुडी, जी घेतल्यावर जुना खोकला किंवा दमा एका दिवसात गायब होतो, तिच्याबद्दल मला कायम शंका असते. चेहरा गोल होणं, भूक अचानक वाढणं, शुगर उसळणं, आणि पुडी थांबवली की दुप्पट जोराने त्रास परतणं, ही स्टेरॉइड मिसळल्याची लक्षणं आहेत. जडीबुटीने असं होत नाही. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडवावी लागते.

डबी घट्ट झाकणाची, कोरडी, स्वयंपाकघरातल्या वाफेपासून दूर ठेवा आणि चमचा पुसून कोरडा घाला. निम्मी खडीसाखर असल्याने ओलावा लागला की चूर्णाचे गोळे होतात, आणि गोळ्यातून मात्रा मोजता येत नाही. कायद्याने चूर्णाची मुदत दोन वर्षं धरतात, आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथकाराने, शार्ङ्गधराने, दोन महिन्यांनी चूर्णाचं वीर्य, म्हणजे ताकद, कमी होतं असं लिहिलंय. मी मधला मार्ग म्हणून लहान डबी आणायला सांगते. वेलची-दालचिनीचा वास उडाला, चव नुसती गोड उरली, म्हणजे तुम्ही आता साखर चाटताय. चाटण रोजचं रोज कालवा, मधात कालवून बरणी भरून ठेवू नका.

आणलेली पुडी सध्या कुणालाच देऊ नका. साधं सितोपलादी आणा, नवरा आणि मुलीला वर सांगितल्याप्रमाणे सुरू करा. सासूबाईंच्या गोळीचं नाव आज बघून ठेवा, आणि बाळाचे श्वास आज रात्री झोपेत मोजा.